‘क्लिक केलं’ म्हणजे कॉम्प्युटर नव्हे : सपोर्टच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

सपोर्ट डेस्कवर पहिल्या आठवड्यात हमखास होणारी चूक अशी. ग्राहक लिहितो, ‘सबमिटवर क्लिक केलं’, आणि आपण तिकिटात Platform समोर Desktop भरून मोकळे होतो. क्लिक म्हणजे माउस, टॅप म्हणजे मोबाईल, हे समीकरण आपल्या डोक्यातलं असतं, ग्राहकाच्या नव्हे.

मराठीत ‘क्लिक करणं’ हे आता बटण दाबण्याचं सरसकट क्रियापद झालंय. मोबाईलवर उघडलेल्या पानावरही ‘येथे क्लिक करा’ असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे आयुष्यात माउस हातात न घेतलेला माणूसही क्लिकच करतो. शिवाय फोटोही क्लिक होतो. टॅप आणि स्वाइपचं तसंच. पेमेंटच्या तक्रारीत ‘स्वाइप केलं तरी पैसे गेले नाहीत’ असं आलं, तर ते बहुधा दुकानातल्या मशीनवरच्या कार्डाबद्दल असतं, स्क्रीनबद्दल नाही. लॅपटॉपच्या टचपॅडवरही टॅप करता येतं आणि दोन बोटांनी सरकवता येतं. काही विंडोज लॅपटॉपची स्क्रीनच टच असते. स्क्रोल तर सगळीकडेच होतं, त्यावरून काहीच ठरत नाही.

आणखी एक कारण सहज नजरेतून सुटतं. ग्राहकाचा शब्द पुष्कळदा त्याचा नसतोच, आपला असतो. आपण ‘मेनूवर टॅप करा’ असं लिहून पाठवलं की उत्तर येतं, ‘टॅप केलं, काही झालं नाही.’ म्हणून शब्दाला वजन देण्याआधी संभाषणात वर जाऊन बघा, तो आधी कोणी वापरलाय. आपणच वापरला असेल, तर त्याची किंमत शून्य.

एक तिकीट घेऊ. अर्जाच्या फॉर्मबद्दल ग्राहक लिहितो : ‘फोटो अपलोड केला, खाली स्क्रोल करून सबमिटवर क्लिक केलं, काहीच होत नाही. बॅक दाबलं की भरलेलं सगळं जातं.’ इथे कॉम्प्युटर धरून Ctrl + Shift + R दाबायला सांगितलं, तर मोबाईलवाल्याला ते करताच येत नाही. कॉम्प्युटरवाल्याने केलं, तर पान नव्याने लोड होऊन भरलेला फॉर्म पुसला जाऊ शकतो. म्हणजे अंदाज चुकला तरी फटका आणि बरोबर आला तरी फटका. ‘बॅक’वरूनही काही कळत नाही, कारण कॉम्प्युटरच्या ब्राउझरलाही मागे जायचा बाण असतोच.

त्यापेक्षा एकच साधा प्रश्न विचारा, आणि त्यात क्लिक-टॅप काहीच नको :

‘ही अडचण मोबाईलवर येतेय की कॉम्प्युटरवर? आणि आपण आमचं ॲप उघडलंय की ब्राउझरमध्ये वेबसाइट?’

समजा उत्तर आलं, ‘मोबाईलच आहे. खालचं त्रिकोणाचं बटण दाबलं की मागे जातं.’ हा खरा पुरावा. तळाशी त्रिकोण, गोल आणि चौकोन ही अँड्रॉइडची तीन बटणांची पट्टी आहे, आयफोनवर ती नसते. उलट त्रिकोणाचा उल्लेख नाही म्हणून आयफोन, असं मात्र धरू नका. नव्या अँड्रॉइडवर कडेपासून बोट सरकवूनही मागे जाता येतं.

ॲप की ब्राउझर हे इथे अजून ठरलेलं नाही. स्क्रीनशॉट मागवा, पण आधी पान अगदी वरपर्यंत न्यायला सांगा. मोबाईलवरच्या क्रोममध्ये खाली सरकत गेलं की पत्त्याची पट्टी लपते, आणि मग वेबसाइटचा स्क्रीनशॉट हुबेहूब ॲपसारखा दिसतो. यात अनुभवी माणसंही फसतात.

ईमेलच्या तळाशी Sent from my iPhone असेल, तर मेल कुठून आला तेवढंच कळतं. कॉम्प्युटरवर अडलेली माणसं तक्रार बऱ्याचदा फोनवरूनच करतात. लॉगमधली ब्राउझरची नोंद शब्दांपेक्षा भक्कम असते, पण तिलाही अपवाद आहे. 2019 साली आलेल्या आयपॅडओएस 13 पासून आयपॅडवरची सफारी डेस्कटॉप साइट मागते आणि स्वतःची ओळख मॅक अशी देते.

उत्तर येईपर्यंत तिकीट असं ठेवा :

```
Platform: Unknown
ग्राहकाचे शब्द: "सबमिटवर क्लिक केलं"
अंदाज: नाही
विचारलं: मोबाईल/कॉम्प्युटर, ॲप/ब्राउझर
```

ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे आणि आपला अंदाज वेगळ्या ओळीत, हे कटाक्षाने पाळा. पुढच्या शिफ्टमधला सहकारी Desktop वाचतो तेव्हा ते एका क्रियापदावरून लिहिलंय हे त्याला कळायला मार्ग नसतो. तो तेच गृहीत धरून तिकीट डेव्हलपरकडे पाठवतो, डेव्हलपर कॉम्प्युटरवर फॉर्म भरून बघतो, सगळं नीट चालतं, आणि तिकिटावर ‘अडचण आढळली नाही’ असा शेरा पडतो. ग्राहकाचा अर्ज मात्र मोबाईलवर अडकलेलाच असतो. अशा शेऱ्याने बंद झालेलं तिकीट पुन्हा हातात आलं, तर आधी Platform कोणी आणि कशावरून भरलं ते तपासा.