क्यूआरवर दुसरं स्टिकर दिसलं? फोटो काढून पाठवताना या चुका टाळा

दुकानाच्या क्यूआर कोडवर कोणी दुसरं स्टिकर चिकटवलंय असा संशय आला की बहुतेक जण त्याचा फोटो काढतात आणि खाली ‘सावधान’ लिहून गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. हेतू चांगलाच असतो. पण स्टिकर नखाने खरवडून काढता येतं, ग्रुपवर गेलेला फोटो काढता येत नाही. आणि फोटोतला कोड कागदावरच्या कोडइतकाच चालतो. हे का, ते कळायला त्या काळ्यापांढऱ्या चौकोनात काय लिहिलेलं असतं ते आधी पाहू.

चूक पहिली: कोडमध्ये दुकान असतं असं समजणं

कोडमध्ये दुकानही नसतं आणि पैसेही नसतात. तिथे फक्त एक ओळ मजकूर असतो. समजा घाटंजी तालुक्यातल्या एका गावात ‘श्री किराणा’ नावाचं दुकान आहे. दुकान आणि पत्ते दोन्ही उदाहरणापुरते. त्याच्या कोडमधला मजकूर साधारण असा निघेल:

```
upi://pay?pa=shrikirana.22@abcbank&pn=Shri%20Kirana&mc=5411&cu=INR
```

`pa` म्हणजे ज्याला पैसे जायचे त्याचा यूपीआय आयडी. `pn` हे नाव, `mc` हा धंद्याचा चार आकडी प्रकार (५४११ म्हणजे किराणा) आणि `cu` हे चलन. `%20` म्हणजे नुसती मोकळी जागा. काही कोडमध्ये `am` ही रक्कमही भरलेली असते, पण काउंटरवर कायम चिकटवलेल्या कोडमध्ये ती सहसा नसते.

पैसे कुठे जायचे हे एकटा `pa` ठरवतो. `pn` मध्ये काय लिहायचं ते कोड बनवणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून चोराच्या स्टिकरमधला मजकूर असा असू शकतो:

```
upi://pay?pa=demo.7711@pqrbank&pn=Shri%20Kirana&mc=0000&cu=INR
```

नाव तेच, आयडी वेगळा. स्टिकरवर छापलेलं दुकानाचं नाव आणि अॅपचं चिन्ह हा तर नुसता छापखान्याचा भाग. `mc=0000` म्हणजे धंद्याचं नव्हे, व्यक्तीचं खातं. पण तेवढ्यावरून चोर ठरवू नका. पानठेलेवाल्याने आपल्याच साध्या खात्यावरून काढलेल्या खऱ्या कोडमध्येही ०००० असतं, किंवा `mc` नसतोच.

काही बोर्डांवरच्या कोडची सुरुवात `000201` ने होते आणि पुढे आकड्यांची लांब रांग असते. तोही पैसे भरायचाच कोड, फक्त मांडणी वेगळी. मात्र सुरुवातीला `https` दिसलं तर तो पैसे भरायचा कोड नाही, ती वेबसाइटची लिंक आहे. `upi://mandate` दिसलं तर तो पुढे आपोआप पैसे कापायची परवानगी मागतोय. किराणा दुकानाच्या काउंटरवर या दोन्हींचं काही काम नाही.

चूक दुसरी: साउंडबॉक्स गप्प राहिला तर ‘रेंज नसेल’ म्हणणं

साउंडबॉक्स कोड वाचत नाही. तो तुमच्या नोंदणीच्या खात्यावर पैसे आले की बोलतो. पैसे दुसऱ्याच आयडीवर गेले तर तो बोलणारच नाही. शहरात अशी शांतता लगेच खटकते. आपल्याकडे दुपारी वीज जाते, टॉवर बंद पडतो, डबा दिवसातून चार वेळा गप्प होतो. मग दुकानदार ग्राहकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण पाहून माल देतो. ती खूण खरीच असते. पैसे खरोखर गेलेले असतात, फक्त तुमच्याकडे नाहीत.

डबा गप्प राहिला की ग्राहकाच्या स्क्रीनवरची रक्कम बघू नका, नाव बघा. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २४ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सगळ्या यूपीआय अॅपना सांगितलं की पैसे भरताना कोडमधलं नाव दाखवायचं नाही, बँकेच्या नोंदीतलं नाव दाखवायचं. त्यासाठी ३० जून २०२५ ही मुदत होती. चोराने `pn` मध्ये ‘Shri Kirana’ लिहिलं तरी पिन टाकायच्या आधी ग्राहकाला खातेदाराचं नाव दिसलं पाहिजे, ते यामुळेच. जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत रात्रीतून अनेक दुकानांचे आणि पेट्रोल पंपाचे कोड बदलले गेले होते, तिथेही वेगळं नाव दिसल्यावरच प्रकार उघड झाला.

अडचण एवढीच की गावात दुकान ‘श्री किराणा’ आणि बँकेतलं खातं काकाच्या नावाने, असं सर्रास असतं. ग्राहकाला काकाचं नाव माहीत नसतं, म्हणून त्याला कोणतंही नाव चालतं. यावर खर्च काहीच नाही: ‘पैसे भरताना हे नाव दिसेल’ असं लिहून त्याखाली खातेदाराचं नाव ठळक लिहा. पण ते स्टिकरवर नको, काउंटरमागच्या भिंतीवर लिहा. स्टिकर बदलणारा भिंत बदलत नाही.

चूक तिसरी: संशय आला की आधी खरवडणं

स्टिकर काढण्याआधी दोन फोटो घ्या. पहिला लांबून, ज्यात काउंटर आणि स्टिकरची कड दिसेल. खालच्या बोर्डाची किनार बाहेर डोकावत असेल तर ती नक्की यावी, कारण वरून चिकटवलंय याचा तोच पुरावा. दुसरा अगदी समोरून, चारही बाजूंना पांढरी मोकळी जागा ठेवून. लॅमिनेशनवर उजेड चमकत असेल तर सावलीत घ्या, नाहीतर कोड वाचला जाणार नाही.

दुसऱ्या फोटोतला मजकूर वाचायला पैसे भरायचं अॅप वापरू नका. ते मजकूर दाखवत नाही, सरळ रक्कम विचारतं. नुसता मजकूर दाखवणारं साधं क्यूआर स्कॅनर अॅप घ्या, फोटो गॅलरीतून उघडा, ओळ कॉपी करा आणि ‘उघडा’ हे बटण दाबू नका. स्कॅन केल्याने पैसे जात नाहीत, त्याला पिन लागतो. पण यूपीआय लाइट चालू असेल तर १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, म्हणून बोट जपून.

आता `pa=` पासून `&` पर्यंतचा तुकडा तुमच्या खऱ्या आयडीशी जुळवा. आयडी एका नजरेत वाचू नका. आधी @ च्या पुढचा भाग पाहा, मग मागचा भाग चार-चार अक्षरांनी. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल इथे डोळा फसतो. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मात्र धरू नका, यूपीआय आयडीला त्याने काही होत नाही. अॅपच्या कंपनीने दिलेल्या बोर्डाचा आयडी बऱ्याचदा लांबलचक, अर्थ न लागणारा असतो. तो कोणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून बोर्ड मिळाला त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावा. आयडी वेगळा निघाला तरी एक शक्यता तपासा: घरातल्याच कोणीतरी दुसऱ्या अॅपचं स्टिकर लावलं असेल. एकाच खात्याचे दोन आयडी असू शकतात.

चूक चौथी: फुली मारून फोटो पाठवणं

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. फोटोवर लाल फुली मारली, मधे अंगठा धरला, ‘फसवा’ असं आडवं लिहिलं, की कोड मेला असं वाटतं. तो मरत नाही. क्यूआर मळला, फाटला तरी वाचता यावा म्हणून त्यात जास्तीची माहिती भरलेली असते. तिच्या चार पातळ्या आहेत, आणि त्यानुसार साधारण ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. मधोमध अॅपचं चिन्ह बसवलेले कोड याच जोरावर चालतात. बारीक लाल रेघ तर स्कॅनरच्या गणतीतही येत नाही.

लोकांना सावध करायचं असेल तर मजकूर पाठवा: कोणत्या दुकानात प्रकार झाला, खातेदाराचं कोणतं नाव दिसलं पाहिजे, वेगळं नाव दिसलं तर थांबा. फोटो द्यायचाच असेल तर कोडचा पूर्ण चौकोन, तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकटींसकट, भरीव काळ्या रंगाने झाका आणि आपल्याच मोबाइलने स्कॅन होतो का ते पाहून मग पाठवा. अर्धपारदर्शक मार्कर चालत नाही, त्याखालचं वाचलं जातं. न झाकलेला मूळ फोटो फक्त पोलिसांसाठी आणि बँकेसाठी ठेवा.

चूक पाचवी: आधी पाठवलेले फोटो विसरणं

श्री किराण्याचं उदाहरण पुढे नेऊ. स्टिकर शनिवारी रात्री लागलं. रविवारी उधारीची वही काढून दुकानदाराच्या पोराने काउंटरवरच्या कोडचा फोटो काढला आणि चौघांना पाठवला. त्यातला एक चाकणला कंपनीत आहे, गावातल्या वडिलांची उधारी तोच भरतो. मंगळवारी स्टिकर सापडलं, खरवडलं, सगळे निवांत झाले. चाकणवाल्याने पगार झाल्यावर ७ तारखेला गॅलरीतला तोच फोटो उघडून १,८०० रुपये भरले. दुकानात कोड बरोबर आणि पैसे तरी दुसरीकडे. दुकानदार म्हणतो आले नाहीत, गिऱ्हाईक म्हणतं पाठवले, आणि दोघंही खरं बोलतात.

म्हणून स्टिकर सापडलं की ते कधी लागलं याचा अंदाज घ्या. डब्याने शेवटची रक्कम कधी सांगितली, खात्यात शेवटची नोंद कधीची, यावरून तो बराच जवळ येतो. त्यानंतर पाठवलेला प्रत्येक फोटो शोधा. व्हॉट्सअॅपवर ‘सर्वांसाठी हटवा’ साधारण अडीच दिवसच चालतं, आणि तेव्हाही समोरच्याच्या गॅलरीत उतरलेला फोटो राहू शकतो. म्हणून प्रत्येकाला फोन करून तीन गोष्टी सांगा: जुना फोटो पुसा, अॅपमधल्या अलीकडच्या व्यवहारांच्या यादीतून आमच्या नावावर दाबून पैसे भरू नका, आणि आमचा खरा आयडी टाइप करून नाव जुळलं तरच भरा. यादीचं लोकांना सुचत नाही. एकदा चुकीच्या आयडीवर पैसे गेले की तो तिथे दिसत राहतो आणि पुढच्या वेळी स्कॅनचीही गरज उरत नाही.

यापुढे उधारीसाठी काउंटरचा फोटो काढूच नका. आपल्या अॅपमधला कोड थेट तिथूनच पाठवा, त्यावर कोणी स्टिकर चिकटवू शकत नाही.

गेलेल्या पैशांसाठी

पैसे ग्राहकाच्या खात्यातून गेलेत, त्यामुळे त्या व्यवहाराची नोंद त्याच्याकडेच असते. प्रत्येक ग्राहकाकडून व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक, वेळ आणि ज्याला गेले तो आयडी दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन किंवा cybercrime.gov.in वर तक्रार ग्राहकाने करायची, आणि त्याच दिवशी. पैसे दुसऱ्या खात्यात फिरवले जाण्याआधी गोठवता आले तरच हाती काही लागतं. व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलेला असल्याने बँक तो आपोआप उलटा फिरवत नाही, हेही त्याला आधीच सांगा. दुकानदाराने वेगळा अर्ज द्यावा आणि त्याला दोन्ही फोटो, स्कॅनरने काढलेली पूर्ण ओळ व उतरवलेलं स्टिकर जोडावं. स्टिकर चुरगाळू नका, प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवा.

नवा कोड लावताना तो काउंटरच्या काचेच्या आतल्या बाजूने लावा. मग वरून काही चिकटवलं तर ते काचेच्या बाहेर राहील आणि बोट फिरवलं की कड लागेल. सकाळी गल्ला उघडताना एकदा बोट फिरवायचं, घरच्या मोबाइलने स्कॅन करून नाव वाचायचं आणि पैसे न भरता मागे यायचं.