‘जेवलीस का’च्या पुढचा मेसेज

नवरा पुण्यात नोकरीला, बायको सांगलीत, की व्हॉट्सॲपवर ‘जेवलीस का’, ‘गॅस बुक केला’, ‘ओके’ एवढंच उरतं. मागच्या दोन दिवसांचे मेसेज वर सरकवून बघा. प्रत्येकाला नुसतं ‘हो’ म्हणून भागत असेल, तर गप्पा थांबल्यात.

अशा वेळी काल तिनं सांगितलेली एखादी गोष्ट धरून आज विचारा. समजा ती म्हणाली होती, विश्रामबागच्या ऑफिसात नवे साहेब आलेत, जरा खडूस वाटतात. मग दुपारी लिहा, ‘साहेब आज काही बोलले का गं?’ आपलं बोलणं लक्षात ठेवलंय, हे तिला त्यातूनच कळतं. फी, बिलं, सिलिंडरचा मेसेज मात्र वेगळा करा. ती कामात असेल तर उत्तरासाठी मागे लागू नका, ‘सवडीनं सांग’ म्हणा.