टाक्यावरून साल निघत नाही: जुनी चामडी बॅग आणि खोगीर वाचताना

जुन्या चामडी सामानाच्या कामात नव्यानं आलेला जवळजवळ प्रत्येक जण मला पहिल्यांदा एकच विचारतो, "टाके बघून साल कसं सांगायचं?" सांगता येत नाही. हे आधीच स्पष्ट बोलून टाकतो, कारण शिकताना मला सगळ्यात जास्त छळलं ते याच गोष्टीनं. जो तो सांगायचा की हातटाका म्हणजे जुनं, मशीनची टीप म्हणजे नवं. चामडं शिवायची मशीनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच आली होती आणि चांगला कारागीर आजही हातानंच शिवतो. म्हणजे हातटाका १८६० चाही असेल आणि गेल्या दिवाळीचाही. टाका साल सांगत नाही, क्रम सांगतो. आधी काय शिवलं आणि नंतर काय, एवढं त्याच्याकडून काढून घ्यायचं. साल कडी-कुलपावरून, शिक्क्यावरून आणि थोडंफार कातड्यावरून काढायचं.

हातटाका आणि मशीनची टीप यांतला फरक तुम्हाला माहीत असेलच, म्हणून थोडक्यात सांगतो. हातटाक्यात एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि दोन्ही सुया एकाच भोकातून उलटसुलट जातात. एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा शिवण धरून ठेवतो. मशीनमध्ये वरचा आणि खालचा असे दोन वेगळे दोरे आत एकमेकांत अडकतात. एक तुटला की शेजारचे टाके सैल पडू लागतात. टाके एकसारख्या अंतरावर आहेत म्हणून ते मशीनचेच, असं मात्र धरू नका. जुने कारागीर दातेरी हत्यारानं आधी खुणा उठवून घेत, त्यामुळं त्यांचं अंतरही मोजून घेतल्यासारखंच येतं. शिवणीचं टोक बघा. तिथं दोन-तीन टाके मागं वळून दुहेरी झाले असतील आणि भोकं तिरप्या चिरेसारखी असतील, तर तिथं आरी चाललेली आहे, म्हणजे तो हातटाका.

आता खरा सापळा. दोरा बघू नका, भोक बघा. जालन्याच्या एका म्हाताऱ्या मोच्यानं मला हे शिकवलं. त्यांना मी चाचा म्हणायचो. ते म्हणायचे, "दोरा काय, कुणी बी बदलतो बेटा. भोक कोण बदलणार?" विकणारे लोक दोरा दाखवतात, कारण तो पटकन दिसतो आणि मेण लावून जुना करता येतो. भोक जुनं करता येत नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, मोबाईलचा टॉर्च कातड्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि शिवणीची एकच वीतभर लांबी सावकाश बघा. मूळ शिवण असेल तर दोन भोकांच्या मधल्या कातड्यात दोऱ्यानं दाबून केलेली बारीक चर दिसते आणि दोरा त्या चरीत घट्ट बसलेला असतो. पॉलिश आणि धूळ दोऱ्यावर, भोकावर आणि कातड्यावर सारखीच बसलेली असते. जुन्याच भोकांतून नवा दोरा घातला असेल तर भोकांच्या कडा गोल झालेल्या, तुकतुकीत असतात. दोरा चरीपेक्षा बारीक नाहीतर जाड असतो आणि काळा थर दोऱ्याच्या खाली असतो, वर नाही. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. नवी भोकं पाडलेली असतात आणि त्यांच्या अधूनमधून जुनी रिकामी भोकं मेण-पॉलिशनं बुजवलेली दिसतात. अशा ठिकाणी कातडं तिकिटाच्या कडेसारखं फाटायच्या बेतात असतं. दुरुस्तीनं झालेलं हे नुकसान परत भरून येत नाही.

हे एकदा डोळ्याला कळलं की घाबरायचं कारण नाही. पण भिंगाखाली शंभर बॅगा बघून ते कळत नाही. आधी स्वतः हातभर पट्टा शिवा, तो उसवा आणि त्याच भोकांतून पुन्हा शिवा. व्हिडिओ बघून कारागीर झालेल्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, कारण त्यांच्या बोटांना दोरा ओढल्यावर कातडं किती दबतं याचा अंदाज नसतो. बाजारातल्या जाणकार म्हणवणाऱ्यांपेक्षा रस्त्याकडेला बसलेल्या मोच्याजवळ एक दुपार बसा.

दोऱ्यालाही विचारायचं असतं, पण दुरुस्तीबद्दल. आपोआप सुटलेला एखादा तंतू चिमट्यानं घेऊन वस्तूपासून लांब, मोकळ्या जागी जाळून बघा. तागासारखा जळून त्याची भुरी राख झाली आणि कागदासारखा वास आला तर तो जवसाच्या किंवा सुताच्या जातीचा दोरा. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. नायलॉन १९३८ साली जाहीर झालं आणि शिवणकामात दुसऱ्या महायुद्धानंतर पसरलं. म्हणजे ती शिवण त्यानंतरची. बॅग त्यानंतरची आहे का, हे अजून ठरलेलं नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. संभाजीनगरच्या छावणी भागात एका घरातून मला सूटकेस दाखवायला बोलावलं होतं. घरच्यांना कुणीतरी सांगितलं होतं की ती १९१० ची आहे. झाकणाच्या आत इंग्रजीत कानपूरचा जुन्या स्पेलिंगचा, म्हणजे 'कॉनपोर' असा शिक्का होता. बाहेर निझाम स्टेट रेल्वेचं फाटकं लेबल. कुलपं चकचकीत आणि मुठीवर ताजी दिसणारी शिवण.

मूठ आधी तपासली, कारण मूठ सगळ्यात आधी तुटते. दोरा वितळला आणि त्याच्याखाली गोल झालेली जुनी भोकं होती. म्हणजे मूठ मूळचीच, शिवण महायुद्धानंतरची, आणि बॅगेच्या वयाबद्दल त्यातून काहीच कळलं नाही. मग कुलपं. चकाकी निळसर पांढरी होती. निकेलचा रंग त्यापेक्षा थोडा पिवळट, उबदार असतो. निळसर म्हणजे क्रोम, आणि क्रोमचा मुलामा बाजारात १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आला. इथं घाई करून "चला, १९२५ नंतरची" म्हणायचं नाही, कारण कुलूप बदललेलं असू शकतं. म्हणून कुलपाच्या पट्टीची कड बघितली. मोठं जुनं कुलूप काढून छोटं बसवलं असतं तर भोवती फिकट कातड्याची चौकट आणि बुजवलेली भोकं दिसली असती. तसं काही नव्हतं. आत अस्तराखालच्या रिव्हेटची डोकी एकसारखी दबलेली होती आणि अस्तर कुठंही उचकटलेलं नव्हतं. कुलूप मूळचंच, म्हणून बॅग १९२० च्या दशकाच्या शेवटानंतरची.

आता दुसरी हद्द. 'कॉनपोर' हे स्पेलिंग १९४८ मध्ये बदललं. जुने शिक्के पुढं काही काळ चालले असतील म्हणून मी दोन-चार वर्षं सोडतो. लेबलाचा अर्थ नवे लोक हमखास उलटा लावतात. त्या नावाची रेल्वे १९३० पासून १९५१ पर्यंत होती, म्हणून बॅग १९३० नंतरची, असं ते म्हणतात. लेबल प्रवासाचं असतं, बनवण्याचं नाही. त्यावरून एवढंच कळतं की १९५१ पर्यंत ही बॅग बनून वापरात आलेली होती. सगळं मिळून उत्तर निघालं: १९२० च्या दशकाच्या शेवटापासून १९५० पर्यंत. याहून बारीक साल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घरच्यांना वाईट वाटलं, पण मुठीची शिवण सोडून सगळं मूळचं असणं हे खोट्या १९१० पेक्षा जास्त मोलाचं आहे, हे त्यांना दाखवता आलं.

कातड्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडं बाभळीची साल, तरवड आणि हिरडा वापरून कातडं कमावलं जायचं. कापलेल्या कडेवर किंवा मोठ्या भोकात ते आरपार तपकिरी दिसतं. क्रोमनं कमावलेल्या कातड्याच्या मध्यात निळसर करडी झाक असते. ही रीत १८८४ च्या पेटंटनंतरची. म्हणून '१८५७ च्या बंडाच्या काळातल्या' खोगिरावर करडी कड दिसली तर तो तुकडा नंतरचा, एवढं नक्की. उलट तपकिरी कडेनं काहीच ठरत नाही, कारण पट्टे आणि खोगिरं आजही सालीनं कमावलेल्या कातड्याचीच होतात.

खोगिराचा हिशोब वेगळा आहे. माळेगावच्या यात्रेत घोड्यांबरोबर जुनं सामानही निघतं आणि तिथं लष्करी खोगिरं दाखवताना '१९०२ चं' असं ठणकावून सांगतात. १९०२ हे ब्रिटिश लष्कराच्या त्या नमुन्याचं साल आहे. त्याच नमुन्याची खोगिरं पुढं पहिल्या महायुद्धातही वापरात होती. नमुन्याचं साल आणि बनवल्याचं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खोगिरावर दुरुस्ती दिसली म्हणून नाक मुरडू नका. तंगाचे पट्टे आणि खालच्या गादीतली लोकर हे झिजायचेच भाग. ते जुन्या भोकांतून नीट बदलले असतील तर मोल फारसं घटत नाही. घटतं ते आतला सांगाडा मोडला असेल तेव्हा. पुढचा उंचवटा पोटाला टेकवा, मागचा काठ दोन्ही हातांनी स्वतःकडं ओढा. बैठकीच्या मधोमध आडवी सुरकुती पडली किंवा आत करकर वाजलं तर सांगाडा गेला. मग पुढच्या दोन्ही टोकांना आत दाबून बघा. एक बाजू जास्त सरकली तर तिथं तडा आहे. असं खोगीर शोभेचं, घोड्यावर घालायचं नाही. विक्रेता कितीही म्हणो, तेल पाजल्यानं सांगाडा जुळत नाही.

तेलाचं निघालंच आहे तर शेवटचं. आपल्याकडं उन्हाळ्यात कातडं कोरडं पडतं आणि घरोघरी पहिला उपाय तेलाचा होतो. त्याआधी कोरडं बोट कातड्यावर फिरवा. बोटाला विटेच्या रंगाची भुकटी लागली तर कातड्याचे तंतूच सुटायला लागलेत. त्यावर तेल किंवा पाणी लावलं तर ते काळं पडून कडक होतं आणि परत येत नाही. अशी वस्तू कोरड्या मऊ ब्रशनं हळूच झाडा, सुती कापडात सैल गुंडाळा आणि मूठ धरून उचलू नका, दोन्ही हात खालून घाला. वरून रंग फवारलेली बॅग तर मी स्वस्तातही घेत नाही. भोकं, चरी, कुलपाभोवतीची फिकट चौकट, सगळं त्या थराखाली गेलेलं असतं आणि वाचायला काही उरत नाही.