ऑफर स्वीकारताना रुजू होण्याची तारीख कशी विचारावी

आभार कसे मानावेत, मेलचा विषय काय लिहावा, यावर लोक पानंच्या पानं लिहितात. त्याची गरज नाही. ज्या मेलमधून ऑफर लेटर आलं त्यालाच 'रिप्लाय ऑल' करा, दोन ओळींत होकार द्या, झालं. गोची असते ती रुजू होण्याच्या तारखेची. तिथे 'आधी होकार द्या, तारखेचं नंतर बघू' हा सल्ला मिळाला, तर देणाऱ्याला नोटीस पिरियड होता का, ते विचारा.

समजा, तुम्ही खराडीत नोकरी करता आणि हिंजवडीतल्या कंपनीचं लेटर बुधवारी, १ जुलैला आलं. (रोजच्या प्रवासाचं तुमचं तुम्ही बघा.) लेटरमध्ये तारीख आहे १ सप्टेंबर. तुमची नोटीस ६० दिवसांची. वरवर पाहता दोन महिने आहेत, म्हणजे जमतंय. पण जमत नाही. जुलै ३१ दिवसांचा, ऑगस्टही ३१ दिवसांचा. शुक्रवारी, ३ जुलैला राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून ६० दिवस मोजले, तर साठावा दिवस १ सप्टेंबरच येतो. एकाच दिवशी दोन्ही कंपन्यांच्या हजेरीवर तुम्ही. नोटीस कोणत्या दिवसापासून मोजायची आणि मधल्या रजेमुळे ती वाढते का, हे सध्याच्या कंपनीच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघा. शेजारच्या टेबलावर विचारू नका.

आता खरा पेच. नवी तारीख लेखी मिळाल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, आणि राजीनामा जितका लांबेल तितकी शेवटची तारीखही पुढे सरकते. म्हणून 'दोन तारखेला आलो तर चालेल का?' असं विचारणं फुकट आहे. उत्तर सोमवारी आलं की ती दोन तारीखही गेली. थोडी सैल तारीख मागा. इथे सोमवार, ७ सप्टेंबर मागितली, तर राजीनामा ८ जुलैला दिला तरी शेवटचा दिवस ६ सप्टेंबर येतो. उत्तराला सोमवार, ६ जुलैची मुदत द्या, म्हणजे दोन दिवस हाताशी राहतात.

दुसरी अडचण वाक्याची, आणि ते जमायला मला बराच वेळ लागला. '७ सप्टेंबर चालणार असेल तर ऑफर मान्य आहे' असं कधीही लिहू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ नुसार स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. अट घातली की तो होकार राहत नाही, तुमच्याकडून गेलेला नवा प्रस्ताव ठरतो. कोर्टात कोणी जात नाही, पण एचआरच्या यादीत तुमच्या नावापुढे 'स्वीकारली' ऐवजी 'बोलणी सुरू' लागतं. होकार आणि विनंती वेगवेगळ्या परिच्छेदांत, 'जर-तर' न वापरता लिहा. मेल बहुधा इंग्रजीतच जाईल, पण आशय असा:

"प्रोजेक्ट इंजिनिअर या पदाची ऑफर मी आनंदाने स्वीकारत आहे. पद, पगार आणि कामाचं ठिकाण मला मान्य आहे.

रुजू होण्याच्या तारखेबाबत एक विनंती आहे. पत्रात १ सप्टेंबर ही तारीख आहे. माझी नोटीस ६० दिवसांची असून ती राजीनाम्यापासून सुरू होईल. त्यामुळे रुजू होण्याची तारीख सोमवार, ७ सप्टेंबर करावी. सोमवार, ६ जुलैपर्यंत या मेलवर दुजोरा मिळाल्यास मी त्याच दिवशी राजीनामा देईन."

'सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात' किंवा 'गणपतीच्या आधी' असं मोघम नको. एचआर बंगळुरूत बसलेली असेल तर तिला त्यातून काही कळणार नाही.

दुजोरा येईपर्यंत छापील १ सप्टेंबरच्या लेटरवर सही करू नका, पोर्टलवरचं 'अ‍ॅक्सेप्ट' बटणही दाबू नका. पेनाने तारीख खोडून वर नवी लिहिणं तर मुळीच नको. दुरुस्त लेटर मागा. सहीची मुदत त्याआधी संपत असेल, तर ती वाढवून देण्याची विनंती याच मेलमध्ये एका ओळीत करा. 'हो हो, चालेल' असं फोनवर कोणी म्हणालं, तर फोन ठेवताच 'आत्ता बोलल्याप्रमाणे ७ सप्टेंबर' असा मेल टाका आणि त्यावर उत्तर घ्या. फोनवर हो म्हणणारा माणूस सप्टेंबरपर्यंत त्याच कंपनीत असेल, याची खात्री नसते.

१ सप्टेंबरच हवी असं त्यांनी कळवलं, तर दोनच वाटा. सध्याच्या मॅनेजरकडून काही दिवस आधी सुटका मागायची, किंवा उरलेल्या दिवसांचा पगार भरून नोटीस विकत घ्यायची. दुसऱ्या वाटेला सध्याची कंपनी परवानगी देते का ते आधी तपासा, आणि ते पैसे नवी कंपनी देणार असेल तर तेही मेलवर लिहून घ्या.