ब्लाउज मापाबाहेर शिवला गेल्यास शिंप्याला चिठ्ठी कशी लिहावी

“ब्लाउज घट्ट झालाय” एवढ्यावर शिंपी अंदाजाने उसवतो आणि दुसरी फेरी पडते. म्हणून चुकलेल्या प्रत्येक मापाचे दिलेले व भरलेले आकडे शेजारी लिहून चिठ्ठी ब्लाउजला टाचावी.

1. हूक लावून ब्लाउज सपाट पसरावा आणि टेप न ताणता एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचे माप घेऊन दुप्पट करावे.

2. ब्लाउज उलटा करून बाजूच्या व बाहीच्या शिवणीत किती माया आहे तेही पाहावे, कारण छाती व दंड तेवढेच सैल होऊ शकतात.

3. चिठ्ठी अशी लिहावी:

“स. न. वि. वि.
सोबतच्या मापांच्या कागदावर तयार ब्लाउजची छाती 36 इंच आहे, प्रत्यक्षात ती 34½ भरते. दंडघेर 12 हवा होता, तो 11 आहे. मागचा गळा 7 ऐवजी 8½ इंच खोल झाला आहे. बाजूच्या व बाहीच्या शिवणीत दोन्ही थरांना एक-एक इंच माया आहे; तेव्हा प्रत्येक बाजूने पाऊण इंच सोडून छाती, व बाहीची शिवण उसवून दंड दुरुस्त करावा. कापला गेलेला गळा उसवून वर येणार नाही, म्हणून उरलेल्या कापडातून मागचा भाग नवा बसवता येईल का, ते कळवावे.”

बरोबर असलेली मापे लिहू नयेत. उगाच तिथेही कात्री लागते.

मात्र ही मापे धुण्याआधीच घ्यावीत, कारण सुती कापड व अस्तर आटल्यास चूक कोणाची हे ठरवता येत नाही.