ताबा लांबला तर व्याज आणि भाड्यासाठी दोन फायली

महारेरात जाण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. तुम्हाला फ्लॅट हवाच असेल, तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार हक्काने मिळतं. या काळात तुम्ही भरलेलं घरभाडं मात्र नुकसानभरपाईत मोडतं आणि ती न्यायनिर्णय अधिकारी ठरवतात. म्हणून फायली दोन करा.

व्याजाच्या फायलीत सर्वात वर नोंदणीकृत करारनामा ठेवा आणि त्यातल्या ताब्याच्या तारखेवर खूण करा. बिल्डर महारेराच्या संकेतस्थळावरची वाढवून घेतलेली तारीख पुढे करतो. ती प्रकल्प पूर्ण करण्यासाठी नोंदणीत दिलेली तारीख असते. तुमचा उशीर करारातल्या तारखेपासूनच मोजायचा, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2017 च्या नीलकमल निकालात स्पष्ट केलं आहे. त्यामागे सगळ्या पावत्या आणि बँक स्टेटमेंट लावा. कर्जातून बँकेने थेट बिल्डरला दिलेले हप्तेही तुमचेच पैसे आहेत, तेव्हा बँकेकडून वितरणाचा तारीखवार तक्ता मागून घ्या. अनेक जण इथे कर्जावर भरलेल्या व्याजाचा दाखला जोडतात, पण हिशेब त्यावरून होत नाही.

तो असा होतो: समजा, ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2022 होती आणि भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा मिळाला 30 जून 2024 ला. तारखेआधी 60 लाख भरले होते, तर त्यावर पूर्ण 18 महिने. नंतर 30 जून 2023 ला आणखी 5 लाख दिले, तर त्यावर फक्त 12 महिने. सोपेपणासाठी दर 10 टक्के धरला, तर 9 लाख अधिक 50 हजार, म्हणजे साडेनऊ लाख. महाराष्ट्रात खरा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर, म्हणजे कर्जाच्या पायाभूत दरावर, 2 टक्के असतो. तो तपासून तक्ता करा.

भाड्याच्या फायलीत लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार आणि घरमालकाच्या खात्यात गेलेल्या भाड्याच्या नोंदी हव्यात. रोखीने दिलेलं भाडं सिद्ध करताना फार त्रास होतो. मागणी उशिराच्या काळापुरतीच ठेवा. वरच्या उदाहरणात 22 हजारांनी 18 महिन्यांचे 3 लाख 96 हजार होतात, ताब्याच्या तारखेआधीचा एकही महिना त्यात नको. व्याज मिळत असताना वर भाडंही मिळेलच असं गृहीत धरू नका, एकाच उशिराची दोनदा भरपाई कशी, असा प्रश्न सुनावणीत हमखास येतो.

व्याजाची तक्रार नमुना 'अ'मध्ये आणि भरपाईचा अर्ज नमुना 'ब'मध्ये करायचा असतो. बिल्डरला पाठवलेल्या आणि त्याच्याकडून आलेल्या ईमेल तारखेनुसार छापून दोन्हीकडे जोडा. 'दिवाळीपर्यंत ताबा देतो' अशी त्याच्या कार्यालयातून आलेली ओळ फार कामाची असते, ती आपला उशीर त्यानेच कबूल केल्याचा पुरावा ठरते.

आणि भोगवटा प्रमाणपत्र नसताना 'फिट-आउट'साठी, म्हणजे आतली सजावट करून घ्यायला, किल्ली देऊ केली, तर तो ताबा मानू नका. ताबापत्रावर सही करण्याआधी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. 'माझी कोणतीही मागणी उरलेली नाही' असं त्यात असेल, तर ते वाक्य काढून घ्या. काढत नसतील, तर व्याज आणि भरपाईचा हक्क राखून ताबा घेत असल्याचं ईमेलने त्याच दिवशी कळवा.