अर्धा किलो पेढ्यांना दूध किती? माझा अनुभव

गाईच्या लिटरभर दुधाचा खवा पाव किलोही भरेना. आच बदलून उपयोग झाला नाही. दूधपावडरीने वजन वाढलं, पण चव गेली. फार वैताग आला.

मग पुण्यातल्याच डेअरीतून म्हशीचं 2 लिटर सुटं दूध आणलं. आधी रिकाम्या कढईचं वजन लिहून ठेवलं. दूध मोठ्या आचेवर सतत ढवळत आटवलं, रबडीसारखं होताच आच मंद केली. गोळा कडा सोडू लागल्यावर कढईसकट वजन केलं: खवा 420 ग्रॅम. पाचशेच्या आसपास थांबलं तर खवा ओला राहतो, पेढा पसरतो. कोमट खव्यात 130 ग्रॅम पिठीसाखर मळली. पेढे अर्ध्या किलोहून थोडे जास्तच झाले.

गाईचंच दूध असेल तर लिटरला साधारण 180 ग्रॅम खवा धरा आणि अडीच लिटर घ्या. बर्फीलाही दुधाचं माप हेच.